शिकला की पळाला: छोट्या मशीन शॉपमध्ये स्टायपेंडवर शिकाऊ मुलगा ठेवायची रीत

कूपवाड एमआयडीसीत माझं १४ माणसांचं शॉप आहे. चार सीएनसी लेथ, एक व्हीएमसी, दोन जुने साधे लेथ. पंपाच्या स्लीव्ह, बुश आणि इंपेलरचं मशीनिंग हे रोजचं काम. आजूबाजूच्या शॉपवाल्यांची एकच रड असते: पोरगं वर्षभर शिकवलं आणि हात बसला तसं शिरवळला नाहीतर चाकणला गेलं. मीही दोन मुलं एकाच आठवड्यात घालवून बसलोय. दोष मुलांचा आहे असं तेव्हा मलाही वाटलं होतं.

नंतर हजेरी आणि उत्पादनाच्या वह्या समोर ठेवून बघितलं. दोघंही सातव्या महिन्यापासून स्वतंत्रपणे मशीन चालवत होते आणि बाराव्या महिन्यापर्यंत पहिल्या महिन्याचाच स्टायपेंड घेत होते. सहा महिने ऑपरेटरचं काम, शिकाऊचे पैसे. ही दरी मुलाला बरोबर दिसते. बाहेरून फोन येतो तो याच सहा महिन्यांत.

खाली लिहिलंय ते ही दरी बंद करण्याबद्दल. उदाहरण माझ्या शॉपचं, म्हणजे आयटीआय टर्नर झालेला मुलगा सीएनसी लेथवर घेण्याचं आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नका. बहुतेक चुका क्रमातच होतात.

## १. आधी जागा आहे का ते बघा

मुलगा शोधण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहा: बारा महिन्यांनी हा कुठल्या मशीनवर, कुठल्या शिफ्टला उभा राहणार? उत्तर नसेल तर घेऊ नका. जागा नसताना घेतलेला मुलगा झाडू मारणे, डबे आणणे आणि टेंपो भरणे यातच वर्ष काढतो. तो गेला तर तक्रार करायचा हक्क आपल्याला नाही.

संख्येलाही मर्यादा आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. प्रमाण एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के, आणि त्यात कंत्राटी माणसंही धरायची. माझ्या १४ माणसांचे पंधरा टक्के म्हणजे दोन मुलं. पाच घ्यावीत असं वाटतं, कारण स्वस्त पडतात. पण पाच मुलांना शिकवायला माझ्याकडे माणूस कुठे आहे?

ही दोन मुलंही एकाच महिन्यात घेऊ नका. मी एक आयटीआयचा निकाल लागल्यावर घेतो आणि दुसरा साधारण सहा महिन्यांनी. पहिला मोजमापात तयार झालेला असतो, तो दुसऱ्याला व्हर्नियर धरायला शिकवतो. शिवाय दोघं एकदम आले की एकदम जातात.

शिकवणारा ठरवा, आणि त्याची भीती काढा. इथे बहुतेक जण चुकतात. सिनियर ऑपरेटरला आपण सांगतो, "याला जरा शिकव." तो मान हलवतो आणि काही शिकवत नाही. का शिकवेल? पोरगं तयार झालं की आपला ओव्हरटाइम जाणार, कदाचित मशीनही जाणार, हे त्याला कळतं. मी दोन गोष्टी करतो. शिकाऊ मुलगा तयार झाला तरी त्याच मशीनवर त्याच शिफ्टला लावणार नाही, हे ऑपरेटरला आधीच सांगतो. आणि शिकवण्याचे महिन्याला १,२०० रुपये वेगळे देतो. त्यातले ६०० पगाराबरोबर जातात, ६०० बाजूला राहतात आणि मुलगा पुढची चाचणी पास झाला की एकदम मिळतात. चाचणी लांबली तर ते पैसेही लांबतात. त्यामुळे ऑपरेटर मुलाला मशीनजवळ उभा करतो, नुसता चहा आणायला पाठवत नाही.

> तपासा: मशीन ठरलं? शिफ्ट ठरली? शिकवणाऱ्याशी बोलणं झालं? तीनपैकी एकाचंही उत्तर "बघू" असेल तर तीन महिने थांबा.

## २. कागद आधी, मुलगा नंतर

"आमच्याकडे ट्रेनी आहे" असं म्हणून नुसता हातात पगार देणं ही सर्वात महागाची चूक. कराराची नोंदणी नसेल तर कायद्याच्या नजरेत तो शिकाऊ नसतो, कामगार असतो. किमान वेतन लागू होतं, शॉप पीएफ-ईएसआयखाली येत असेल तर तेही, आणि तपासणीत ते निघतं.

नोंदणी apprenticeshipindia.gov.in वर होते. आधी आस्थापनेची, मग मुलाची, मग दोघांच्या कराराची. करार झाल्यावर सात दिवसांच्या आत त्याचा तपशील पोर्टलवर भरायचा असतो. मुलगा १८ वर्षांखालचा असेल तर सही पालकाची लागते. अडलं तर सरकारी आयटीआयमधल्या बीटीआरआय केंद्रात, म्हणजे शिकाऊ उमेदवारीचं काम बघणाऱ्या केंद्रात, स्वतः जा. तिथली माणसं सांगतात, फक्त निकालाच्या दिवसांत गर्दी असते.

स्टायपेंडचा किमान आकडा शिक्षणानुसार ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीत तो महिन्याला ५,००० ते ९,००० असा होता आणि आयटीआय झालेल्याला ७,०००. हे आकडे बदलतात, म्हणून कराराच्या दिवशी पोर्टलवरचा आकडा बघूनच भरा. त्यापेक्षा जास्त द्यायला कुणाची आडकाठी नाही.

सरकारच्या प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये, इतका वाटा सरकार थेट मुलाच्या खात्यात टाकतं. इथे एक गैरसमज हमखास होतो. तुम्ही त्याला ८,००० सांगितलेले असतात, तुमच्याकडून खात्यात ६,५०० जातात आणि सरकारचे १,५०० येईपर्यंत मध्ये बरेच दिवस जातात. मुलाचं बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर ते येतच नाहीत. घरी आई विचारते, "आठ म्हणाले होते ना?" आणि मालक लबाड ठरतो. म्हणून पहिल्याच दिवशी त्याला बँकेत पाठवून आधार जोडून घ्या आणि दोन वाटे कागदावर लिहून दाखवा. सरकारचा वाटा उशिरा आला तर मी पहिले दोन महिने तेवढी उचल देतो, नंतर वळती करतो.

आणखी दोन गोष्टी. नोंदणीकृत शिकाऊ मुलाला ईएसआय लागू होत नाही, म्हणजे हात कापला तर भरपाईची जबाबदारी मालकाची. मुलगा मशीनला हात लावायच्या आधी अपघात भरपाईच्या विमा पॉलिसीत त्याचं नाव घालून घ्या. आणि मंजुरी घेतल्याशिवाय त्याला ओव्हरटाइमला थांबवता येत नाही. "आजचा दिवस थांब रे" हे रोजचं होतं, आणि शिकाऊ मुलाच्या बाबतीत ते सुरूच करायचं नाही.

> इशारा: मूळ मार्कशीट ठेवून घेणं, कोरा चेक घेणं, स्टायपेंडमधून "डिपॉझिट" कापणं, यातलं काहीही करू नका. अशी अडवणूक बेकायदा पडते, आणि मार्कशीट अडकलेला मुलगा थांबतो तो नुसता शरीरानं. कामाला बांधायचंच असेल तर कायद्यात सरळ वाट आहे, ती सातव्या टप्प्यात आहे.

## ३. मुलगा निवडताना मार्क नंतर बघा

मी तीन प्रश्न विचारतो.

पहिला: रोज येणार कसा? तासगाव, आष्टा, बेडग इकडून येणारा मुलगा एसटीनं पहिल्या शिफ्टला सातला पोचतो का, हे त्याच्याबरोबर वेळापत्रक बघून ठरवा. जतच्या आतल्या गावातला मुलगा रोज ये-जा करतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका. त्याची खोलीची सोय होत असेल तरच घ्या.

दुसरा: घरी बाग आहे का? द्राक्षाच्या पट्ट्यातल्या मुलाला ऑक्टोबर छाटणीला आणि माल निघताना घरी थांबावं लागतं. हे लपवलं जातं, मग खाडे पडतात, मग भांडण. मी आधीच विचारतो आणि त्या दिवसांची रजा वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडरवर लिहून टाकतो. ज्या मुलाला छाटणीला चार दिवस मिळणार हे माहीत असतं, तो बाकीच्या दिवशी येतो.

तिसरा: भरतीची तयारी चालू आहे का? पोलीस भरती, सैन्य भरती. चालू असेल तर तो चांगला मुलगा असूनही भरती निघाली की जाणार. त्यात गैर काही नाही, फक्त त्याला सीएनसीवर वर्षभर शिकवण्यात अर्थ नाही.

यानंतर हाताची परीक्षा. टेबलावर एक तयार स्लीव्ह, एक ड्रॉइंग आणि व्हर्नियर ठेवतो आणि सांगतो, "बाहेरचा व्यास मोज आणि ड्रॉइंगमध्ये बसतो का सांग." उत्तर चुकलं तरी चालतं. मी बघतो ते एवढंच: मोजायच्या आधी त्यानं जॉब आणि व्हर्नियरचे जबडे पुसले का, आणि दुसऱ्यांदा मोजून पाहिलं का. न पुसता एकदाच मोजून ठणठणीत उत्तर देणारा मुलगा पुढे शंभर जॉब तसेच चुकवतो.

## ४. पहिले सहा आठवडे: मशीन नाही, मोजमाप

मुलगा पहिल्याच दिवशी मशीनवर उभा केला की त्याला सायकल स्टार्टचं बटण कळतं, पण जॉब बरोबर आहे की नाही ते कळत नाही. तो जॉब काढत राहतो आणि रिजेक्शन संध्याकाळी सापडतं. मोजता येणारा मुलगा मात्र दुसऱ्याच महिन्यात उपयोगी पडतो, कारण त्याला तपासणीच्या टेबलावर बसवता येतं आणि तेवढा सिनियर माणूस मशीनला मोकळा होतो. मुलगा लवकर उपयोगी पडावा असं वाटत असेल तर हा उलटा वाटणारा क्रमच धरा.

पहिला आठवडा फक्त सुरक्षेचा आणि जागेच्या ओळखीचा. फिरत्या मशीनजवळ हातमोजे नाहीत, मोकळी बाही नाही, गळ्यात दोरा किंवा साखळी नाही. बुरा हातानं नाही, हुकनं काढायचा. साध्या लेथवर चकची किल्ली चकमध्ये सोडून हात काढायचा नाही, एक सेकंदही नाही. हे तोंडी सांगून भागत नाही. दर शुक्रवारी मुलानं मला हे नियम करून दाखवायचे.

दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यात व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज या क्रमानं. प्रत्येकाचा झिरो आधी तपासायचा, मग जॉब. मायक्रोमीटर रॅचेटनंच फिरवायचा. मूठ आवळून फिरवला की दोन-तीन शतांश मिलिमीटर सहज खाली वाचतो आणि मोठा जॉब बरोबर दिसतो. मशीनवरून नुकताच आलेला गरम जॉब मोजायचा नाही, हेही याच वेळी. सरावाला नवीन मटेरियल देऊ नका. रिजेक्ट झालेल्या स्लीव्ह एका पेटीत साठवा, शिकायला त्याच उत्तम, कारण त्यात चूक नेमकी कुठे आहे हे शोधता येतं.

पहिली चाचणी. सेटरनं दहा स्लीव्ह मोजून आकडे एका कागदावर लिहून ठेवायचे. ड्रॉइंगवरचा व्यास ४५.००० ते ४४.९७५. मुलानं तेच दहा मोजायचे. दहापैकी नऊ ठिकाणी त्याचा आणि सेटरचा आकडा ०.०१ मिलिमीटरच्या आत जुळला पाहिजे, आणि एकही खराब जॉब "ओके" म्हणून सुटता कामा नये. चांगला जॉब खराब म्हटला तर मी सोडतो, उलट झालं तर नाही.

> तपासा: सहा आठवड्यांत चाचणी पास झाली नाही तर शिकवणाऱ्याला विचारा की मुलगा रोज किती वेळ मोजत होता. बहुतेक वेळा उत्तर "साहेब, डिस्पॅच होता" असंच येतं.

## ५. दुसऱ्या महिन्यापासून मशीन, पण पायरीनं

मशीनवरचं काम मी तीन पायऱ्यांत वाटतो. पहिल्या पायरीत जॉब लावणं-काढणं, मोजणं आणि नोंद एवढंच. दुसऱ्या पायरीत इन्सर्ट बदलणं आणि ऑफसेट सुधारणं. तिसऱ्या पायरीत नवीन जॉबचं सेटिंग, म्हणजे सॉफ्ट जॉ बोअर करणं, झिरो घेणं, फर्स्ट पीस काढून मंजूर करून घेणं.

पहिल्या पायरीला साधारण तीन महिने जातात. तिची चाचणी सोपी आहे: सलग तीन शिफ्ट, ज्यात त्याच्या हातून एकही खराब जॉब पुढच्या टेबलावर गेला नाही. खराब निघाला तरी चालतो, पण तो त्यानंच पकडून लाल पेटीत टाकलेला असला पाहिजे.

खरी गोची दुसऱ्या पायरीवर आहे. ऑफसेट समजला तर मुलगा ऑपरेटर झाला, नाही समजला तर दोन वर्षांनीही बटण दाबणाराच राहतो. आमच्याकडची एक चूक आकड्यांसकट सांगतो.

स्लीव्हचा व्यास ४५.०२ आला होता. हवा होता ४४.९९. म्हणजे ०.०३ कमी करायचा. ऑफसेटच्या पानावर त्या टूलचा वेअर आधीच -०.०८ होता. मुलानं असं टाकलं:

```
-0.03   INPUT
```

`INPUT` दाबलं की जुना आकडा पुसून नवा बसतो. म्हणजे वेअर -०.०८ चा -०.०३ झाला, टूल उलट ०.०५ नं मागे आलं आणि पुढचा जॉब ४५.०७ निघाला. मुलगा घाबरला, पुन्हा तेच केलं, आकडा हललाच नाही. हवं होतं ते असं:

```
-0.03   +INPUT
```

`+INPUT` जुन्या आकड्यात बेरीज करतं. -०.०८ आणि -०.०३ मिळून -०.११, आणि जॉब ४४.९९. इथे व्यास मोठा निघाला म्हणून पुन्हा कट घेऊन जॉब वाचले. हाच घोटाळा बोअरमध्ये झाला असता तर छिद्र मोठं होऊन जॉब भंगारात गेले असते. बोअरला चिन्हही उलट लागतं, छिद्र मोठं करायला अधिक. आणि दशांश चुकला, ०.०३ च्या जागी ०.३ पडला, तर व्यास ४४.७२ वर जातो आणि तो जॉब भंगारच.

म्हणून दुसऱ्या पायरीचे पहिले तीन आठवडे मुलगा मशीनवर काही टाकत नाही. तो वहीत चार रकाने लिहितो: आत्ताचा माप, हवा तो माप, जुना वेअर, नवा वेअर किती होणार. सेटर बघतो, सही करतो, मग मशीनवर टाकायचं. टाकल्यावर स्क्रीनवरचा आकडा आणि वहीतला आकडा एकच आहे का ते बघूनच सायकल स्टार्ट. सलग वीस नोंदी बरोबर आल्या की सही बंद. ही वही मुलाकडेच ठेवा. आठव्या महिन्यात तो स्वतःच्या जुन्या नोंदी बघून हसतो, आणि आपण शिकलो हे त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही.

तिसरी पायरी सगळ्यांना जमत नाही. वर्षभरात नीट सेटिंग करणारा मुलगा चारात एखादा निघतो. बाकीच्यांना चांगले ऑपरेटर म्हणून ठेवा, त्यांना तेच सांगा, आणि सेटर होणार अशी खोटी आशा लावू नका.

> इशारा: अर्जंट डिस्पॅच आला की पहिल्या पायरीवरच्या मुलाला एकट्याला रात्रपाळीला लावायचा मोह होतो. तेव्हा मशीन बंद ठेवणं स्वस्त पडतं. चकमधून सुटलेला जॉब दार फोडून बाहेर येऊ शकतो.

## ६. स्टायपेंड चाचणीला बांधा, कॅलेंडरला नाही

आता सुरुवातीची दरी. पैसे महिना उलटला म्हणून वाढवायचे नाहीत आणि वर्ष संपेपर्यंत रोखायचेही नाहीत. ज्या दिवशी काम वाढलं त्याच्या पुढच्या महिन्यापासून पैसे वाढले पाहिजेत. माझ्याकडे सरकारचा वाटा धरून हे असं आहे:

- रुजू होताना ८,०००
- मोजमापाची चाचणी पास झाली की ९,०००
- मशीनची पहिली पायरी पास झाली की १०,५००
- ऑफसेटची पायरी पास झाली की १२,५००
- सेटिंगची पायरी पास झाली की १४,०००

कुठलीही पायरी पास झाली नाही तरी करारातला किमान स्टायपेंड कमी होत नाही. चाचणी महिन्याला एकदा कधीही मागता येते. नापास झाला तर पुढच्या महिन्यात पुन्हा.

मालक इथे अडतात, म्हणून हिशोब मांडतो. सगळ्या पायऱ्या वेळेवर झाल्या तर दोन महिने ८,०००, दोन महिने ९,०००, तीन महिने १०,५००, तीन महिने १२,५०० आणि दोन महिने १४,०००. वर्षाचे झाले १,३१,०००. वर्षभर नुसते ७,००० दिले असते तर ८४,०००. फरक ४७,००० रुपयांचा. माझ्या लेथचा दर तासाला ३५० धरला तर आठ तासांच्या शिफ्टचे २,८०० होतात. तयार माणूस गेला आणि मशीन १७ शिफ्ट बंद राहिलं की हा फरक निघून जातो. माझी ती दोन मुलं गेली तेव्हा नवीन ऑपरेटर मिळायला महिना लागला होता.

पैसे दहा तारखेच्या आत, बँकेतच. चाचणी पास झाली तर वाढ लगेच पुढच्या महिन्याच्या हिशोबात दिसली पाहिजे. "नंतर एकदम देतो" हे एकदा म्हटलं की पायऱ्यांचा तक्ता भिंतीवरचा नुसता कागद होतो.

## ७. थांबवायचं ते लिखित सांगून

बाराव्या महिन्यात बोलणं म्हणजे उशीर. तोपर्यंत मुलाचा मित्र त्याला शिरवळचा आकडा सांगून बसलेला असतो. मी दोनदा बोलतो.

पहिल्यांदा रुजू होतानाच, पालकासमोर. शिक्षण पुरं झाल्यावर ऑपरेटर म्हणून किती पगार असेल हे त्याच दिवशी कागदावर देतो. माझ्याकडे सध्या १७,०००, शिवाय पीएफ आणि ईएसआय. हा आकडा चौदा हजारांच्या पायरीच्या वर असलाच पाहिजे, आणि किमान वेतनाच्याही.

बांधून घ्यायची कायदेशीर वाट अधिनियमाच्या कलम २२ मध्ये आहे. करारातच अट घालता येते की शिक्षणानंतर उमेदवार ठरावीक काळ, ठरावीक पगारावर तुमच्याकडे काम करेल. पण ती अट दोन्ही बाजूंनी बांधते. तुम्हालाही त्याला नोकरी द्यावीच लागते. काळ किंवा पगार अवाजवी वाटला तर शिकाऊ उमेदवार सल्लागार तो बदलू शकतात. मी ही अट एक वर्षाची घालतो, त्याहून लांब नाही. मन उडालेला मुलगा अटीनं थांबत नाही. अटीचा उपयोग इतकाच की मीही जागा देण्यापासून मागे फिरू शकत नाही, आणि ते त्याच्या घरच्यांना दिसतं.

स्टायपेंडला हात न लावता वरून एक रक्कम ठेवतो. वर्षाचं शिक्षण पुरं करून ट्रेडची परीक्षा दिली की ६,०००. त्यानंतर नोकरीत बारा महिने पूर्ण झाले की १८,०००. दोन्ही तारखा पहिल्या दिवसाच्या कागदावर असतात.

दुसरं बोलणं नवव्या महिन्यात, शॉपबाहेर, चहाच्या टपरीवर. सरळ विचारतो, "बाहेर कुठं बघतोयस का?" गेल्या खेपेचा मुलगा म्हणाला, "मालक, पगाराचं नाही. पण मला कायम दुसऱ्या पाळीलाच लावता. घरी जायला बस मिळत नाही." मी वर्षभर ते बघितलंच नव्हतं. आठवड्याआड पहिली पाळी दिली, तो अजून आहे. मुलं पैशासाठीच जातात असं आपण धरून चालतो. शिफ्ट, बस, सेटरची शिवीगाळ आणि गावच्या जत्रेला नाकारलेली रजा यांचा नंबरही वरचा असतो, फक्त न विचारता कुणी सांगत नाही.

> तपासा: नवव्या महिन्यात मुलाचा आत्ताचा स्टायपेंड आणि त्याच कामासाठी बाहेर मिळणारा पगार शेजारी लिहा. खोलीभाडं आणि खानावळ वजा जाता फरक तीन-चार हजारांपेक्षा जास्त उरत असेल तर बोलण्यानं भागणार नाही, पगाराचा आकडा सुधारा.

## ८. तरीही गेला तर

काही जातील. पुण्याला जायचंच असतं, वय तसं असतं. अशा वेळी तीन गोष्टी करा. हिशोब त्याच महिन्यात पुरा द्या. पोर्टलवरचा करार रीतसर पूर्ण किंवा समाप्त दाखवा, नाहीतर त्याची जागा भरलेलीच दिसते आणि नवीन मुलाची नोंद अडकते. आणि ऑफसेटच्या वहीची झेरॉक्स मागून घ्या.

त्या वहीत कुठला जॉब कुठल्या इन्सर्टवर किती नगांनंतर सरकतो, हे त्याच्या हातचं लिहिलेलं असतं. पुढचा मुलगा मोजमापाची चाचणी पास झाला की मी त्याच्या हातात पहिल्यांदा ती झेरॉक्स देतो. माझ्याकडून चाकणला गेलेल्या एका मुलाच्या वहीवर सध्या तिसरा मुलगा शिकतोय. अडलं की तो त्यालाच फोन लावतो. मागच्या दिवाळीत चाकणचा मुलगा गावी आला तेव्हा शॉपवर येऊन विचारून गेला, सेटरची जागा निघाली तर कळवाल का.